प्रपदास्थीचा ताणभंग : नवशिक्या मॅरेथॉन-धावकाच्या पावलाचा एक विचार

‘हाड मोडणे’ हा मराठीतील प्रयोग एका घटनेचा वाचक आहे. कोणी जिन्यावरून पडतो, कोणाच्या पायावर ओझे कोसळते, त्या क्षणी हाड मोडते. आणि तो क्षण, ती जागा व ते निमित्त पुढे वर्षानुवर्षे सांगता येते. ‘मुरगळणे’, ‘लचकणे’, ‘मुका मार लागणे’ हे शब्दही असेच घटनेला बांधलेले आहेत. परंतु अस्थीला होणारी एक इजा अशी आहे की तिला घटना नाही. ती पडल्याने होत नाही, तिच्यात आवाज होत नाही, आणि ज्याला ती होते त्याला ती नेमकी कोणत्या दिवशी झाली हे सांगता येत नाही. या इजेस वैद्यकात ताणभंग म्हणतात. दीर्घ पल्ल्याची धाव नव्याने आरंभिणाऱ्या माणसाच्या पावलात ती विशेषेकरून आढळते. ‘मी तर कोठे पडलो नाही, मग हाड कसे मोडेल?’ हा अशा माणसाचा स्वाभाविक प्रश्न असतो, आणि या प्रश्नापायीच बहुतेकांचे पहिले दोन-तीन आठवडे वाया जातात. प्रस्तुत लेखात या इजेची घडण, तिची प्रारंभिक लक्षणे, आवश्यक ती विश्रांती व धावण्याकडे परतण्याचा क्रम यांचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

या इजेचे पहिले वर्णन धावपटूंविषयी नव्हते. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी शल्यवैद्याने दीर्घ कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांवर येणारी दुखरी सूज नोंदविली. त्या सुजेचे मूळ अस्थीत असेल, हे त्या काळी पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, आणि १८९७ साली श्टेखोव यांनी त्या किरणांच्या साहाय्याने अशा पावलांतील भंगलेल्या प्रपदास्थी दाखवून दिल्या. पुढे या इजेला ‘मार्च फ्रॅक्चर’, म्हणजे कूच करताना होणारा अस्थिभंग, असे नाव पडले. सैन्यातील नवे भरती झालेले जवान आणि आजचा हौशी मॅरेथॉन-धावक यांच्यात साम्य एवढेच की, दोघांच्याही पावलांवर थोड्या आठवड्यांत फार मोठा भार येतो.

अस्थीची झीज आणि भर

पावलाच्या मधल्या भागातून बोटांकडे जाणाऱ्या पाच लांब अस्थी म्हणजे प्रपदास्थी होत. अंगठ्यामागील पहिली आखूड व जाड असते. दुसरी व तिसरी यांची घडण सडपातळ असून दुसरीचे मूळ मागील लहान अस्थींच्या खोबणीत घट्ट बसविल्यासारखे असते. त्यामुळे टाच उचलून पुढे रेटा देताना इतर अस्थी थोड्याबहुत हलून भार सोसतात. दुसरीला मात्र तो वाकूनच सोसावा लागतो. पावलातील स्नायू ताजे असतात तोवर ते हे वाकणे आवरून धरतात. ते थकले की आवर सुटतो. ताणभंग दुसऱ्या व तिसऱ्या प्रपदास्थींत अधिक का दिसतो आणि वेदना धावेच्या उत्तरार्धात प्रथम का जाणवते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे यात आहे.

तथापि भार हे अर्धेच कारण होय. अस्थी ही दगडासारखी स्थिर वस्तू नसून तिची सतत पुनर्रचना चालू असते. भार वाढला म्हणजे प्रथम अस्थिभंजक कोशिका जुना, सूक्ष्म तडे गेलेला भाग पोखरून काढतात. त्यानंतर अस्थिजनक कोशिका त्या जागी नवा भाग रचतात. पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरून काढण्याचे काम मात्र सुमारे तीन महिने चालते. जुन्या वाड्याची भिंत मजबूत करावयाची म्हणून गवंडी प्रथम सैल विटा काढून घेतो. त्या वेळी भिंत पूर्वीपेक्षाही कमकुवत असते. त्याच आठवड्यात माडीवर धान्याची पोती चढविली तर दोष भिंतीचा नव्हे, वेळेचा असतो. नव्या धावकाची अस्थी भार वाढविल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास अशाच अवस्थेत असते. श्वास व स्नायू यांची प्रगती याच काळात झपाट्याने होते, त्यामुळे धावकाला आपण अधिक समर्थ झालो असे वाटते, आणि ते खरेही असते. केवळ त्याची अस्थी त्याच्या मागे राहिलेली असते.

कुळगावचे एक उदाहरण

विवेचनासाठी एक कल्पित परंतु सर्वस्वी संभाव्य उदाहरण घेऊ. कुळगाव येथे राहणारा, मुंबईत नोकरी करणारा चौतीस वर्षांचा एक गृहस्थ. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली व ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, ती ४२.१९५ किलोमीटरची धाव पुरी करण्याचा त्याने संकल्प केला. पावसाळाभर तो आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस चार-पाच किलोमीटर, म्हणजे आठवड्याला सुमारे १४ किलोमीटर धावला. ऑक्टोबरच्या प्रारंभी पाऊस ओसरला, पहाटे रस्ते कोरडे मिळू लागले, आणि जानेवारी जवळ आल्याची जाणीव झाली. पहिल्या आठवड्यात त्याने २२, दुसऱ्यात ३० व तिसऱ्यात ३६ किलोमीटर अंतर काटले. रविवारची लांब धाव दहावरून चौदा व चौदावरून अठरा किलोमीटरवर गेली, आणि ती सारी सिमेंटच्या रस्त्यावर.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी अकराव्या किलोमीटरनंतर त्याला डाव्या पावलाच्या वरच्या बाजूस, बोटांच्या थोडे मागे, दुखू लागले. त्याने वेग कमी करून धाव पुरी केली. घरी येऊन बसल्यावर दुखणे थांबले. पुढील आठवड्यात तेच दुखणे सहाव्या किलोमीटरला, व त्यानंतर दुसऱ्या किलोमीटरलाच सुरू झाले. दहाव्या-बाराव्या दिवशी बदलापूर स्थानकाचा पूल चढताना पाय टेकवेना, आणि संध्याकाळी बूट काढल्यावर पावलावर किंचित सूज दिसली. मुरगळले असावे, अशी समजूत करून घेऊन त्याने वेदनाशामक गोळी घेतली व आणखी एक धाव केली.

या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेदनेची तीव्रता नसून तिचा क्रम आहे. ती अकराव्या किलोमीटरवरून सहाव्यावर, सहाव्यावरून दुसऱ्यावर, व तेथून साध्या चालण्यावर आली. जी वेदना धावेगणिक अधिक लवकर सुरू होते आणि थांबल्यावर शमते, ती अस्थीची असण्याचा संशय घ्यावा. विश्रांतीतही किंवा रात्री ठणका लागू लागला तर इजा बरीच पुढे गेली असे समजावे.

वेदनेचे शब्द आणि त्यांचा उपयोग

वेदनेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही, आणि रुग्णाने ते नेमके वापरले तर वैद्यालाही त्यांचा उपयोग होतो. नव्या धावकाच्या पोटऱ्या व मांड्या ‘भरून येतात’: हे दुखणे पसरट असते, दोन्ही पायांत असते, दुसऱ्या दिवशी अधिक व तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाहीसे होते. तळव्याच्या पडद्याचे दुखणे टाचेखाली असते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल त्यात सर्वांत अवघड जाते आणि थोडे चालल्यावर बरे वाटते. बोटांच्या मधील नस दाबली गेली असेल तर ‘मुंग्या’ येतात किंवा आग होते. ताणभंगाची वेदना या तिन्हींहून निराळी असते. ती एका पायात असते, चालण्याने वाढते, आणि तिची जागा बोटाने दाखविता येते. पावलाच्या पृष्ठभागावरून एका बोटाच्या टोकाने प्रत्येक प्रपदास्थी मागून पुढे हलकेच दाबत गेल्यास एका विशिष्ट ठिकाणी, फार तर पैशाएवढ्या जागेत, कळ उठते. तेथून बोट थोडेसे बाजूला नेले की ती उठत नाही. संपूर्ण पंजा दुखतो असे सांगणारा माणूस व ‘येथे’ असे बोट ठेवणारा माणूस यांच्यात हा भेद आहे. एका पायावर उड्या मारून खात्री करून घेण्याचा प्रयोग मात्र घरी करू नये. संशय खरा असल्यास तो प्रयोगच इजा वाढवितो.

बोट कोठे ठेवले गेले यालाही महत्त्व आहे. दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या प्रपदास्थीच्या मधल्या दांड्यावर कळ असेल तर इजा सामान्यतः विश्रांतीने भरून येते. परंतु घोट्याच्या पुढे, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर असलेल्या नौकाकृती अस्थीवर, करंगळीमागील पाचव्या प्रपदास्थीच्या मुळाशी, किंवा अंगठ्याखालील लहान अस्थींवर कळ असेल तर प्रकरण वेगळे असते. तेथील रक्तपुरवठा किंवा तेथे येणारा ताण असा असतो की, भंग सांधत नाही व कधी शस्त्रक्रियेची पाळी येते. नौकाकृती अस्थीच्या ताणभंगात सहा आठवड्यांपर्यंत पाय अजिबात न टेकण्याचा सल्ला दिला जातो. या जागा दुखत असतील तर घरगुती विश्रांतीवर विसंबू नये. अस्थिरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे. पुढील विवेचन केवळ मधल्या प्रपदास्थींच्या दांड्यांच्या भंगास लागू आहे.

उदाहरणातील गृहस्थ १० नोव्हेंबरच्या सुमारास तपासणीस गेला. क्ष-किरण चित्रात काहीही आढळले नाही. येथे दुसरा मोठा गैरसमज होतो. ताणभंगाचा तडा प्रारंभी इतका सूक्ष्म असतो की तो क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतच नाही. दिसते ती त्याच्याभोवती साचू लागणारी नवी अस्थी, आणि तिला दिसण्याजोगी होण्यास दोन-तीन आठवडे किंवा अधिक काळ लागतो. म्हणून निर्दोष चित्राचा अर्थ ‘भंग नाही’ असा नसून ‘अद्याप काही दिसत नाही’ एवढाच असतो. व्यवहारात ज्याला एमआरआय म्हणतात त्या तपासणीत अस्थीच्या मगजातील बदल तडा पडण्यापूर्वीही दिसतो. ती सर्वांना परवडतेच असे नाही. वेदनेचा क्रम व बोटाखालची कळ ही दोन्ही लक्षणे स्पष्ट असतील, तर इजा आहे असे धरून विश्रांती सुरू करणे व तीन आठवड्यांनी पुन्हा क्ष-किरण चित्र काढणे हा मार्ग अनेक वैद्य स्वीकारतात. या गृहस्थाच्या दुसऱ्या चित्रात दुसऱ्या प्रपदास्थीच्या दांड्याभोवती नव्या अस्थीचा धूसर थर दिसला. तो थर निदानही होता आणि इजा भरून येत असल्याची खूणही.

विश्रांती म्हणजे काय

धावणे सहा ते आठ आठवडे संपूर्ण बंद, हा सामान्य नियम. परंतु विश्रांती म्हणजे केवळ न धावणे नव्हे. कुळगावच्या नोकरदाराचे पाऊल न धावताही दिवसभर राबत असते. स्थानकापर्यंत चालणे, पूल चढणे-उतरणे, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने मोठा प्रवास, मुंबईत उतरल्यावर पुन्हा चालणे, आणि संध्याकाळी हाच क्रम उलट. धाव थांबविली परंतु हा भार तसाच ठेवला, तर ‘चार आठवडे विश्रांती घेऊनही बरे वाटत नाही’ अशी तक्रार येते. म्हणून विश्रांतीची कसोटी एकच ठेवावी : त्या दिवशीचे चालणे व उभे राहणे वेदनेशिवाय झाले काय? झाले नसेल तर भार अजून अधिक आहे.

त्या दृष्टीने पहिले तीन-चार आठवडे न वाकणाऱ्या कडक तळाचा बूट, किंवा वैद्य देतील तो आधार-बूट वापरावा. तळ वाकला नाही म्हणजे प्रपदास्थीही कमी वाकते. या बुटानेही चालताना दुखत असेल तर कुबड्या घ्याव्या लागतात. या गृहस्थाने दोन आठवडे रजा व घरून काम अशी व्यवस्था केली आणि पुढील दोन आठवडे बसावयास जागा मिळेल अशी लवकरची गाडी धरली. त्याच्या उपचारातील बराच मोठा भाग या व्यवस्थेचा होता. वेदनाशामक गोळ्या शक्यतो टाळाव्यात. कारण या काळात वेदना हेच भाराचे एकमेव मोजमाप असते, आणि दाहशामक प्रकारच्या गोळ्या अस्थी सांधण्याच्या क्रियेस अडथळा करू शकतात अशी शंकाही आहे. गोळी घेऊन धावणे तर सर्वस्वी वर्ज्य होय.

याच काळात ‘अस्थी का हरली’ या प्रश्नाचेही उत्तर शोधावे. भारवाढ इतकी अचानक नसतानाही ताणभंग झाला, किंवा तो दुसऱ्यांदा झाला, तर आहार व ड जीवनसत्त्व यांची तपासणी आवश्यक ठरते. भारतात ऊन मुबलक असूनही या जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. वजन उतरविण्यासाठी जेवण तोडून धावणाऱ्या व्यक्तीच्या शरीराला अस्थी भरून काढण्यास ऊर्जाच उरत नाही. स्त्रियांच्या बाबतीत पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही याची ठळक खूण होय. धावण्याचा तो स्वाभाविक परिणाम समजून दुर्लक्षिणे ही गंभीर चूक ठरते.

परतीचा क्रम

परतण्याची तारीख दिनदर्शिकेवरून ठरत नाही. तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. दुखऱ्या जागेवर बोटाने घट्ट दाबले असता कळ येऊ नये. साध्या बुटात रोजचा प्रवास वेदनेशिवाय व्हावा. आणि सपाट जमिनीवर पाऊण तास भरभर चालणे सलग आठवडाभर जमावे, तेही त्या दिवशी वा दुसऱ्या सकाळी न दुखता. या गृहस्थाने ८ डिसेंबरच्या सुमारास कडक बूट सोडला, दहा मिनिटांच्या चालण्यापासून आरंभ केला, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात या अटी पुऱ्या केल्या. मधल्या काळात, चालणे वेदनारहित झाल्यावर, त्याने सायकल चालविली; पोहताही आले असते. त्यामुळे श्वासाची क्षमता बरीचशी टिकली. मात्र याच क्षमतेमुळे परतीच्या काळात घाई करण्याचा मोह होतो, हेही ध्यानात ठेवावे.

पुढील सहा आठवडे क्रम असा. आठवड्यातून तीनच दिवस, कधीही लागोपाठ दोन दिवस नाही, आणि प्रत्येक खेप तीस मिनिटांची. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावावे व चार मिनिटे चालावे, असे सहा वेळा. म्हणजे प्रत्यक्ष धाव सहाच मिनिटे. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटे धाव व तीन मिनिटे चाल, तिसऱ्यात तीन व दोन, चौथ्यात चार व एक. पाचव्या आठवड्यात पंचवीस मिनिटे व सहाव्यात तीस मिनिटे सलग धाव. गती एवढी मंद की बरोबरीच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. जमीन सपाट व शक्य तर मातीची असावी. पण खाचखळग्यांच्या मातीपेक्षा सपाट डांबरी रस्ता बरा. बूट पूर्वीच्याच प्रकारचे असावेत. पातळ तळाचे बूट किंवा अनवाणी धावणे यांचा प्रयोग या काळात करू नये, कारण त्याने प्रपदास्थींवरील भार वाढतो.

प्रत्येक धावेनंतर त्या संध्याकाळी व दुसऱ्या सकाळी तीच जागा दाबून पाहावी. स्नायू भरून आले असतील तर चिंतेचे कारण नाही. त्या जागी कळ उठली तर धाव थांबवावी, वेदनेशिवाय दोन दिवस पुरे होईपर्यंत थांबावे आणि मागील आठवड्याच्या पायरीवरून पुन्हा आरंभ करावा. तरीही कळ परत आली तर पुन्हा वैद्याकडे जावे. पायऱ्यांचा हिशेब करीत बसू नये.

सहाव्या आठवड्याअखेर, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यास, हा गृहस्थ आठवड्याला सुमारे बारा किलोमीटर धावू लागला. हे त्याचे पावसाळ्यातील जवळजवळ पूर्वीचेच अंतर होय. येथून पुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवावी : प्रथम अंतर, नंतर चढ, आणि सर्वांत शेवटी वेग. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. तो सोयीचा असला तरी सिद्ध झालेला नाही. नेदरलंड्समध्ये नवशिक्या धावकांवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा नियम पाळणाऱ्या व न पाळणाऱ्या गटांतील इजांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अस्थीच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण असे दोन नियम आहेत. दर चौथ्या आठवड्यात अंतर स्पष्टपणे कमी करावे, जेणेकरून पोखरलेली जागा भरून निघण्यास अवकाश मिळेल. आणि एका दिवसाची लांब धाव एकदम उडी घेऊन वाढवू नये. दहावरून चौदा व चौदावरून अठरा ही त्या ऑक्टोबरमधील वाढ याच जातीची होती.

जानेवारीची मॅरेथॉन अर्थातच हुकली. तिसऱ्या रविवारी तो दोन मिनिटे धाव व तीन मिनिटे चाल या पायरीवर होता. पहिल्या वेदनेच्या रविवारीच तो थांबला असता, तर बहुधा तडा पडण्यापूर्वीच इजा आवरली असती व विश्रांतीचा काळ पुष्कळ कमी झाला असता; तरीही त्या जानेवारीत पूर्ण पल्ला गाठणे शहाणपणाचे ठरले नसते, कारण १४ किलोमीटरच्या पायावर तीन महिन्यांत ४२ किलोमीटरची इमारत उभारण्याचा मूळ हिशेबच चुकला होता. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हळूहळू आठवड्याला २५ किलोमीटरपर्यंत जाऊन, पावसाळ्यात तेवढेच राखून, पुढील ऑक्टोबरचा आरंभ १४ ऐवजी २५ वरून करणे, ही त्याची नवी योजना आहे. इजा पुन्हा होणारच नाही, अशी हमी या योजनेत नाही. एकदा ताणभंग झालेल्या व्यक्तीस तो पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. मात्र पुढील खेपेस पावलाच्या वरच्या बाजूस एका बोटाएवढ्या जागेत दुखू लागले, तर आपण कोठेही पडलो नाही हे कारण तो पुढे करणार नाही.